अर्ध्या बोटाची ढिलाई

भैयाजी उस्तादांचा निरोप आला तेव्हा कवडू बोरकुटे एका ट्रकखाली पाठीवर पडून होता. निरोप असा, की रविवारी सकाळी ये, घनश्यामच्या गाडीची तपासणी करायची आहे. कवडूने ट्रकखालूनच "येतो म्हणून सांगजो" म्हटलं, आणि पुन्हा पाना हातात घेतला. पण नंतर बराच वेळ त्याच्या मनात तेच घोळत राहिलं. उस्तादांनी तपासणीसाठी त्याला बोलवावं? वर्धा शहरात मोटारीची तपासणी म्हणजे भैयाजी उस्ताद, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सावकार, वकील, डॉक्टर, कोणीही जुनी गाडी घ्यायची म्हटली की आधी उस्तादांचा हात तिच्या चाकावर पडायचा, आणि उस्ताद "घ्या" म्हणाले की मगच व्यवहार व्हायचा. त्या माणसाने आपल्या चेल्याला बोलवावं, याचा कवडूला आतून आनंद झाला.

अकरा वर्षं तो उस्तादांकडे होता. केळझरहून आला तेव्हा त्याला पाना कोणत्या बाजूने फिरवायचा हेही समजत नव्हतं. उस्तादांनी त्याला मारलं, शिव्या दिल्या, जेवू घातलं आणि शिकवलं. लग्नात त्याच्या बाजूने बसायला बाप नव्हता, तिथे उस्ताद बसले. स्वतःचा अड्डा टाकतो म्हणाला तेव्हा उस्तादांनीच जुना जॅक आणि पान्यांची एक जोडी काढून दिली. आता आर्वी नाक्यापाशी लिंबाखाली कवडूचं टिनाचं शेड होतं, आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, "मी भैयाजी उस्तादांचा माणूस हाओ."

घनश्याम हा कवडूच्या धाकट्या बहिणीचा, शोभाचा नवरा. जिनिंग फॅक्टरीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. तीन वर्षं तो एकच गोष्ट बोलत होता: स्वतःची टॅक्सी घ्यायची आणि वर्धा ते तळेगाव चालवायची. आर्वीच्या पुढच्या गावांतून दवाखान्यात येणारी माणसं बैलगाडीतून रात्र-रात्र येतात, त्यांना आणायचं, न्यायचं. परवाना मिळाला होता. गाडी तेवढी नव्हती. आणि गाडी आता उस्तादांनीच पाहून ठेवली होती.

रविवारी कवडू धुतलेला सदरा घालून गेला. उस्तादांच्या अड्ड्यासमोर काळी गाडी उभी होती, विलायती बनावटीची, एकोणपन्नास सालची. म्हणजे नऊ वर्षांची. पण रंग आरशासारखा. घनश्याम तिच्याभोवती फिरत होता, जसा नवा बैल घेतलेला माणूस फिरतो.

"या कवडूभाऊ," तो हसत म्हणाला. "आज तर नुसतं कुंकू लावाचं हाये."

कवडूला वाटलं, जवाई खुशीत आहे, बोलतो काहीतरी. तोही हसला.

उस्ताद खाटेवर बसले होते. साठीला आलेले, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, बोटांच्या पेरांत कधीच न निघणारा काळा रंग. "वासुदेवराव वकीलसाहेबाची गाडी हाय," ते म्हणाले. "घर ते कचेरी, कचेरी ते घर. दुसरं काही केलंच नाई तिनं. मी तिले पानासुद्धा लावला नाई. जशी आली तशी उभी हाय. पाह्य बेटा, तुह्या पद्धतीनं पाह्य."

कवडूची पद्धत म्हणजे उस्तादांचीच पद्धत. तो आधी दार उघडून ड्रायव्हरच्या जागी बसला. इंजिन बंदच ठेवलं. चाकं सरळ करून त्याने स्टेअरिंगला दोन बोटं लावली आणि अगदी हळू डावीकडे, उजवीकडे हलवलं. खिडकीतून मान काढून तो पुढच्या टायरकडे पाहत होता. स्टेअरिंग किती फिरलं की टायर हलायला लागतो, तेवढी ढिलाई. मोटारवाले त्याला प्ले म्हणतात. एवढ्या वयाच्या गाडीला दीड-दोन बोटं माफ असतात. इथे अर्ध्या बोटातच टायर हलला.

"झक्कास," कवडू म्हणाला.

मग त्याने घनश्यामला स्टेअरिंगवर बसवलं, "हळूहळू इकडंतिकडं करत राहा, थांबू नका," असं सांगितलं, आणि स्वतः पुढून गाडीखाली सरकला. स्टेअरिंगच्या दांड्या जिथे एकमेकींना आणि चाकांना जोडलेल्या असतात तिथे प्रत्येक सांध्यात वाटीत बसवलेली पोलादाची एक गोळी असते. तो बॉल जॉइंट. वाटी झिजली की गोळी आत खेळते, आणि डोळ्याला दिसत नसलं तरी बोटाला समजतं. कवडूने एकेका सांध्यावर बोटं आडवी ठेवली, अर्धी दांडीवर, अर्धी वाटीवर. दोन्ही एकदमच हलत होती. मध्ये काही नाही. सांध्यांवरची रबरी टोपणं तारेने गच्च बांधलेली, ग्रीस ताजं.

बाहेर येऊन त्याने जॅक लावला. पुढचं चाक जमिनीवरून उचललं, आणि वरून-खालून दोन हातांनी धरून हलवलं. नाही. डावीकडून-उजवीकडून हलवलं. नाही. दुसऱ्या बाजूचं चाक. तेही नाही. खालच्या आडव्या भुजा ज्या रबरी बुशांवर, म्हणजे रबराच्या जाड कड्यांवर, बसतात ते बुश त्याने वाकून पाहिले. रबर काळंभोर, कुठे भेग नाही.

"उस्ताद, हे तर म्हाताऱ्याच्या तोंडात दुधाचे दात हायेत," तो हात पुसत म्हणाला.

"सांगतलं ना तुले," उस्ताद म्हणाले. "वकीलसाहेबानं जपली."

"चला मंग. एक चक्कर मारून येऊ."

उस्ताद उठले नाहीत. "चक्कर कायची? पाह्यलं ना सगळं."

"तुमीच शिकवलं ना उस्ताद. उभी गाडी खोटं बोलते म्हणून."

उस्ताद चष्मा नीट करत उठले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. "सडकंनं ने," ते म्हणाले. "डांबरावरून. तिकडं गाडीवाटंवर धूळ हाय, रंग खराब होईल."

कवडू चालवायला बसला, घनश्याम शेजारी. दिवाळी होऊन महिना झाला होता, सडकेवर कापसाच्या गाड्यांची रांग जिनिंगकडे निघालेली. त्यांना चुकवत कवडू शहराबाहेर पडला. सरळ सडकेवर त्याने स्टेअरिंगवरची पकड सैल केली. गाडी सरळ गेली, ना डावीकडे ओढ, ना उजवीकडे. घनश्याम खुशीत बाहेर पाहत होता.

पहिलं वळण आलं. कवडूने स्टेअरिंग वळवलं. अर्ध्यापर्यंत सहज गेलं, पुढे मात्र हाताला जड लागलं, जसं कोणी आतून धरून ठेवावं. वळण संपलं. आता स्टेअरिंग सोडलं की ते स्वतःहून फिरून सरळ व्हायला पाहिजे. झालं नाही. वळलेलंच राहिलं, आणि कवडूला ते ओढून सरळ करावं लागलं.

"जड लागते," तो म्हणाला.

"हवा कमी असंल," मागून उस्ताद म्हणाले.

कवडूने गाडी बाजूला घेतली, उतरला, खिशातल्या मापाने चारही टायरची हवा पाहिली. हवा बरोबर होती. तो परत बसला, पण आता मनात एक काटा शिरला होता. स्टेअरिंगच्या पेटीतले दाते नेहमी मध्यभागी झिजतात, कारण गाडी जास्त करून सरळच चालते. मधली ती ढिलाई घालवायला पेटीचा स्क्रू जास्त आवळला तर मधे घट्ट बसतं. पण दोन्ही बाजूंना, जिथे दाते झिजलेले नसतात, तिथे स्टेअरिंग अडकायला लागतं. हे त्याला ठाऊक होतं. पण पेटीला कोणी हात लावला असेल तर वकीलसाहेबांच्या वेळी लावला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. उस्ताद तर म्हणाले, पाना लावला नाही.

तरी पुढच्या फाट्यावर त्याने गाडी सिंदी मेघेच्या पांदणीत घातली.

"काऊन इकडं?" उस्तादांचा आवाज एकदम बदलला. "तिकडं काही नाई."

"खड्डे तर हायेत," कवडू म्हणाला.

पांदण म्हणजे दोन खोल चाकोऱ्या. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाड्या रुतलेल्या, आणि आता ते सगळं वाळून दगड झालेलं. कवडूने काच खाली केली, दुसऱ्या गिअरमध्ये हळू गाडी नेली आणि कान बाहेर दिला. पहिला फर्लांगभर काही नव्हतं. पुढचं डावं चाक एका खळग्यात उतरलं, वर आलं. काही नाही. मग पुन्हा खळगा, पुन्हा. अर्धा मैल झाला असेल नसेल, खालून बारीक आवाज यायला लागला. डब्यात दोन सुपाऱ्या हलवाव्यात तसा.

घनश्यामने कवडूकडे पाहिलं. तोही ट्रकवरचा माणूस, कान त्यालाही होते.

पांदण जिथे रुंद झाली तिथे कवडूने हळू वेगात जोरात ब्रेक मारला. डाव्या बाजूने 'टक' झालं आणि गाडीचं नाक डावीकडे वळलं. त्याने गाडी उलटी घेतली, पुन्हा ब्रेक मारला. पुन्हा 'टक', या वेळी उलट्या बाजूला. भुजा बुशात घट्ट बसलेली असती तर पुढेमागे सरकून असा ठोका दिला नसता.

त्याने इंजिन बंद केलं. स्टेअरिंगला दोन बोटं लावली, सकाळी लावली होती तशीच, आणि खिडकीतून टायरकडे पाहत हळूहळू फिरवायला लागला. अर्धं बोट. एक बोट. दोन बोटं. टायर जागचा हलत नव्हता. तीन बोटांनंतर हलला.

शेजारच्या वावरात बाया कापूस वेचत होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"घनश्यामराव, इकडं बसा," कवडू म्हणाला. "मघासारखंच. हळूहळू हलवत राहा."

तो धुळीतच पाठीवर झोपून खाली सरकला. धुतलेला सदरा मातीत गेला. डाव्या चाकाजवळच्या सांध्यावर त्याने बोटं ठेवली. दांडी हलायची, थांबायची, आणि मग वाटी हलायची. बोटाच्या दोन पेरांमध्ये ती फट उघडमीट करत होती. टोपणाच्या कडेने ग्रीस पिळून बाहेर आलं होतं, आणि त्या ग्रीसमध्ये पिवळसर धागे होते. चामड्याचे. पलीकडे भुजेच्या बुशातून काळ्या रबराची एक पट्टी जिभेसारखी बाहेर लोंबत होती. त्याने ती ओढली. सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी होती, वरून काळी पॉलिश फासलेली.

सगळं समजलं. झिजलेल्या वाटीत गोळीखाली चामड्याची चकती घालून वरचा स्क्रू आवळला होता. उभ्या गाडीला, थंड ग्रीसमध्ये, सांधा नव्यासारखा लागणार. डांबरावर दोन मैलही लागेल. खडबडीत वाटेवर मात्र चामडं चेंगरून लगदा होणार. सोप्पी लबाडी होती, जुनी होती. हे कोणी केलं असेल, असं मनात यायच्या आत त्याची नजर टोपण बांधलेल्या तारेवर गेली.

तारेची टोकं पिळून आत वळवलेली होती. पीळ डावीकडे होता.

उजव्या हाताचा माणूस तार पिळतो तेव्हा पीळ उजवीकडे पडतो. भैयाजी उस्ताद डावखुरे होते. अकरा वर्षं कवडूने त्यांनी पिळलेल्या तारा उलगडल्या होत्या, आणि दरवेळी आधी चुकीच्या बाजूने फिरवून शिवी खाल्ली होती. टोक आत वळवायचं, म्हणजे कोणाच्या हाताला लागणार नाही, हेही उस्तादांचंच. एवढी काळजी घेऊन बांधलेली तार होती ती.

तो तिथेच पडून राहिला. वर घनश्याम अजून स्टेअरिंग हलवत होता, आणि ती फट त्याच्या डोळ्यांसमोर उघडत होती, मिटत होती.

बाहेर आला तेव्हा उस्ताद उतरून बोरीच्या झाडापाशी उभे होते. कवडू त्यांच्याजवळ गेला. घनश्यामला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "तुमी म्हणलं, पाना लावला नाई."

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "दुसरा कोणी पाह्यणार असता तर नसताच लावला," ते म्हणाले. "एवढी मेहनत घेतलीच नसती. तू पाह्यणार होता म्हणून केलं. तू कुठं बोट ठेवतो ते मले माहीत हाय. कुठून सुरू करतो, कुठं संपवतो."

"ते तुमीच शिकवलं."

"म्हणून तर माहीत हाय."

"माह्या बहिणीचा नवरा हाये तो, उस्ताद."

"त्याचंच तर सांगतो," उस्ताद आता त्याच्याकडे वळले, आवाज मऊ झाला, जसा ते एखादं अवघड काम समजावताना करायचे. "दुसऱ्याच्या गळ्यात मारली असती तर पाप. घरातली गाडी घरात राह्यली. तू हाय ना इथं. महिना-दोन महिन्यांनी खडखड करंल, तुह्याकडंच आणंल, तू नवीन वाट्या टाकून देशीन, बुश टाकून देशीन. कोणाचं काय गेलं? वकिलानं मले ही गाडी नाल्यात घातल्यावर देली, बेटा. समोरचं सगळं हाणलेलं होतं. त्यानं तसं सांगूनच देली, त्याचा दोष नाई. पण माह्या डोळ्यानं आता काम होत नाई. नवीन सामान आणून बसवाले दिसलं तर पाह्यजे मले."

"मले सांगतलं असतं तर मी बसवून देलं असतं."

"तुले सांगाचं?" उस्ताद म्हणाले. "भैयाजीले आता दिसत नाई, असं तुले सांगाचं?"

कवडूला आठवलं, की नुकत्याच झालेल्या दिवाळीला उस्तादांनी आपल्या हाताने त्याला चहा ओतून दिला तेव्हा तो बशीबाहेर सांडला होता, आणि आपण हसलो होतो. पण ती तार तर नीट बांधलेली होती. आणि ती गोळी वाटीतून निघाली असती तर चाक आपल्या मनाने कुठेही गेलं असतं, स्टेअरिंग हातात राहिलं असतं, आणि मागच्या सीटवर आर्वीची एखादी बाळंतीण असती. दोन महिने म्हणजे किती खेपा, याचा हिशोब उस्तादांनी केला नव्हता. की केला होता?

तो गाडीकडे परत आला आणि घनश्यामला म्हणाला, "ही घेऊ नका. समोरचं सगळं गेलेलं हाये. लपवलं हाये."

घनश्यामने स्टेअरिंग सोडलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. "पण तुमी तर पास केलती."

"कधी?"

"मागच्या बुधवारी. उस्तादांनी निरोप पाठवलता, कवडू येऊन पाहून गेला, त्याच्या पसंतीला उतरली, रविवारी फक्त रीत म्हणून चक्कर मारू. शोभा म्हणाली, दादानं पाह्यलं म्हणजे झालं." तो थांबला. "मी शुक्रवारी फॅक्टरीची नोकरी सोडली, भाऊ. माह्या ट्रकवर दुसरा बसला बी."

सकाळचं ते 'नुसतं कुंकू लावाचं' आता कवडूला समजलं.

"मी आज पहिल्यांदा पाह्यली ही गाडी," तो म्हणाला. "शपथ."

घनश्यामने एकदा त्याच्याकडे, एकदा बोरीखालच्या उस्तादांकडे पाहिलं. काही विचारायचं होतं ते त्याने विचारलं नाही. कवडूला वाटलं, विचारावं. ओरडावं. पण तो गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्यात संशय होता.

मग कवडूने जे केलं ते राग म्हणून नव्हतं. त्याला पुरावा पाहिजे होता, जवायाला दाखवायला, आणि कदाचित स्वतःलाही. त्याने डिकीतून पाना आणि पक्कड काढली, पुन्हा खाली गेला, तार कापली, टोपण बाजूला केलं, वरचा स्क्रू काढला. तळहातावर काळा लगदा पडला. त्याने तो कपड्यात पुसून घनश्यामसमोर धरला. चेंगरलेली, फाटलेली, पैशाएवढी चामड्याची चकती.

"हे वाटीत होतं," तो म्हणाला. "पाह्या."

घनश्यामने ती बोटाने उलटीसुलटी केली. "कोणी घातलं?"

कवडूच्या तोंडात उत्तर आलं. बोरीखाली उस्ताद उभे होते, हात मागे बांधून, वावरातल्या बायांकडे पाहत, जणू ही दुसऱ्याच कोणाची गोष्ट होती. त्यांनी मान वळवून एकदाच पाहिलं. कवडूने ती नजर ओळखली. "खाल्ल्या मिठाला जाग," असं म्हणणारी नजर.

"उस्तादांनी," कवडू म्हणाला.

घनश्याम गाडीतून उतरला. धोतर सावरून पांदणीने शहराच्या दिशेला चालायला लागला. कवडूने दोनदा हाक मारली. "चला, गाडीत चला, हळू नेतो." तो थांबला नाही.

सांधा परत लावून, स्क्रू बसवून गाडी परत न्यायचीच होती. कवडूने चालवली, बैलाच्या चालीने, प्रत्येक खळगा चुकवत, आणि शेजारी उस्ताद. कवडूला वाटलं होतं ते मागे बसतील. ते पुढे येऊन बसले. वाटेत घनश्याम दिसला, पाठमोरा, धुळीत. कवडूने गाडी हळू केली. घनश्याम सडकेच्या कडेला सरकला आणि त्यांना जाऊ दिलं.

"आता मी काय करू हिचं?" सडकेवर लागल्यावर उस्ताद म्हणाले.

"समोरचं नवीन टाका. मी येतो, टाकून देतो."

"आणि लोकाले काय सांगाचं? भैयाजीच्या अड्ड्यावर कवडू येऊन काम करते?"

"मंग विकू नका. कोणाले तुमी ही विकली तर मी सांगीन."

उस्ताद हसले. वाईट हसले नाहीत, थकल्यासारखे हसले. "सांग. तू माहा चेला. माह्या हाताची लबाडी ती तुह्या हाताची लबाडी, लोक असंच म्हणतीन. मी खोटा ठरलो त तू खरा कसा राह्यशीन?"

अड्ड्यावर पोचल्यावर कवडूने किल्ली खाटेवर ठेवली. उस्ताद पाणी पी म्हणाले. तो न पिता निघाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या दारातून निघताना तो पाया पडला नाही, आणि हे घरी पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं.

पुढे आठ दिवसांत ती गाडी अड्ड्यासमोरून नाहीशी झाली. कोणी म्हणे नागपूरकडे गेली, कोणी म्हणे चांद्याकडे. कवडूने विचारपूस केली, दोनदा मोटार स्टँडवर जाऊन ड्रायव्हरांना त्या रंगाची गाडी दिसली का विचारलं. पत्ता लागला नाही. त्या हिवाळ्यात कुठे मोटार उलटल्याची बातमी कोणी सांगितली की तो हातातलं काम थांबवून आधी विचारायचा, कोणत्या रंगाची.

शोभा संक्रांतीला आली. तिळगूळ दिला, मुलांना जवळ घेतलं, आणि जाताना दारात म्हणाली, "दादा, खरं सांगजो. तुले आधी काहीच माहीत नव्हतं?"

"नाई."

"मी घरी त्याहीले हेच सांगते," ती म्हणाली. "रोज सांगते." आणि तिने डोळ्याला पदर लावला.

कवडूला त्या 'रोज'चा अर्थ समजला.

घनश्याम पावसाळ्यापर्यंत दुसऱ्याच्या ट्रकवर बदलीने जात राहिला. पोळ्यानंतर त्याने पुन्हा गाडी पाहिली, एका कंत्राटदाराची, आणि कवडूला बोलावणं पाठवलं. कवडूने शेड बंद केलं, जॅक सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि गेला. मनात म्हणाला, चला, निवळलं.

कंत्राटदाराच्या अंगणात पोचला तेव्हा तिथे आधीच एक माणूस आला होता. नागपूरचा मिस्त्री, तानबा नावाचा, खाकी अर्ध्या चड्डीत. घनश्याम पुढे आला. "कवडूभाऊ, या," म्हणाला, आदरानेच म्हणाला. "तुमीही पाह्या, हेही पाह्यतीन. दोघांनी पाह्यलेलं बरं."

"बरं," कवडू म्हणाला.

तानबाला कामाची माहिती होती. तो गाडीखाली गेला आणि म्हणाला, "कोणी स्टेअरिंग हलवा रे."

घनश्यामने इकडेतिकडे पाहिलं. कवडूच पुढे होऊन गाडीत बसला. खालून तानबा सांगेल तसं तो स्टेअरिंग हळू डावीकडे, हळू उजवीकडे करत राहिला. त्याच्या स्वतःच्या बोटांना समजत होतं की गाडी चांगली आहे. दीड बोट ढिलाई, प्रामाणिक, जशी त्या वयाच्या गाडीला असायची तशी. खडबडीत वाटेवर नेली तरी एवढीच राहील. सांगावंसं वाटलं. पण घनश्याम बोनेटपाशी वाकून उभा होता आणि खालून तानबा काय म्हणतो याची वाट पाहत होता.

"चांगली हाय," खालून आवाज आला. "घेऊन टाका."

घनश्यामच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं कवडूला काचेतून दिसलं. तो सरळ झाला, कंत्राटदाराकडे वळला, आणि दोघं ओसरीवर जाऊन बोलायला लागले.

कवडू खाली उतरला, आणलेला जॅक तसाच सायकलला होता, त्याची दोरी जरा आवळली, आणि ओसरीकडे पाहून म्हणाला, "येतो मी."

"च्या घेऊन जा ना भाऊ," घनश्याम म्हणाला.

"शेडवर गिऱ्हाईक बसलं असंल," कवडू म्हणाला, आणि सायकल हातात धरून फाटकाबाहेर पडला.